सोपट घातलं तरी कागद लवकर का तुटला?

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मुलांनी वर्तमानपत्रं आणि जुन्या वह्या मिक्सरमधून काढून लगदा केला आणि १५ × २० सेंमीच्या चौकटीनं कागद उचलले. एक साधा, बाकीच्यांत केळीचं सोपट, उसाचं चिपाड आणि गोणपाटाचे दोरे. २ सेंमी रुंद पट्टी टांगून खाली बाटलीत पाणी ओतत गेलो. साधी पट्टी २४०० ग्रॅमला तुटली, सोपटाची ११००, चिपाडाची ८५०, गोणपाटाची १५००. अख्ख्या कागदांची सरासरी वजनं अनुक्रमे ६, ३.३, ५.१ आणि ४.५ ग्रॅम. तंतू घातल्यावर ताकद वाढायला हवी होती ना? पाणी शोषण्याचे आकडेही दर वेळी वेगळे; त्याच कागदावर कधी अडीच सेंमी चढतं, कधी सहा. मुलं हिरमुसली आहेत. कुठं चुकलं?

उत्तर :

बाई, तुम्ही कागदांची वजनं लिहून ठेवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक शाळांच्या वहीत ती नसतात, आणि मग मला नुसते अंदाज बांधावे लागतात. तुमच्या बाबतीत उत्तराचा अर्धा भाग त्या वजनांतच आहे.

तुमचा साधा कागद सोपटाच्या कागदाच्या जवळपास दुप्पट जड आहे. म्हणजे त्या पट्टीत माल दुप्पट आहे. जाड दोरी आणि बारीक दोरी टांगून कोणती जास्त वजन पेलते हे बघितलं, तर दोरी कशाची आहे ते कळत नाही, ती किती जाड आहे एवढंच कळतं. म्हणून कागदाच्या धंद्यात नुसतं 'किती ग्रॅमला तुटला' असं कुणी विचारत नाही. 'स्वतःच्या किती लांबीच्या वजनाला तुटला' असं विचारतात. कल्पना अशी की पट्टी लांब लांब करत आभाळातून खाली सोडली, तर किती मीटरवर ती स्वतःच्याच भारानं तुटेल? याला ब्रेकिंग लेंग्थ म्हणतात. नववीच्या मुलांना ही कल्पना लगेच समजते, आणि गणित एका भागाकाराचं आहे.

तुमच्या चौकटीचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंमी. २ सेंमी रुंद आणि १ मीटर लांब पट्टीचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंमी. म्हणजे एक मीटर पट्टीचं वजन अख्ख्या कागदाच्या दोन तृतीयांश. साध्या कागदाला ते ४ ग्रॅम येतं. २४०० ला ४ नं भागलं की ६०० मीटर. सोपटाच्या कागदाची एक मीटर पट्टी २.२ ग्रॅमची, ११०० ला २.२ नं भागलं की ५०० मीटर. गोणपाटाचं १५०० भागिले ३, तेही ५०० मीटर. चिपाडाचं मात्र ८५० भागिले ३.४, म्हणजे २५० मीटर.

आता चित्र पालटलं. सोपट आणि गोणपाट साध्याच्या निम्म्यानं कमी नाहीत, किंचितच कमी आहेत. हाताच्या कामात दोन पट्ट्यांमध्ये सहज एवढा फरक पडतो, त्यामुळं या तिघांत हरलं-जिंकलं असं म्हणताच येणार नाही. चिपाडाचा कागद तेवढा खराच कमकुवत आहे. म्हणजे तुमच्यापुढं आता दोन वेगळे प्रश्न उरले. वजनं एवढी वेगवेगळी का आली, आणि सोपटासारखा चिवट तंतू घालूनही कागद साध्याच्या पुढं का गेला नाही?

पहिल्याचं कारण मला इथं बसून दिसतं, कारण मीही सुरुवातीला तेच करत होतो. टबात लगदा ढवळायचा, चौकट बुडवायची, कागद उचलायचा, पुन्हा बुडवायची. प्रत्येक कागदाबरोबर टबातला माल कमी होतो आणि पाणी तेवढंच राहतं. पहिला कागद जाड, आठवा पातळ. त्यात बहुतेक मुलं साधे कागद आधी उचलतात आणि मग त्याच टबात तंतू टाकतात. तसं झालं असेल तर सोपटाचा कागद हलका येणारच. हातकागदाच्या कारखान्यात उचलणाऱ्याचा हात वर्षानुवर्षांनी बसलेला असतो, तो मधूनमधून टबात लगदा घालत राहतो आणि कागद हातात घेऊनच वजन ओळखतो. नववीच्या मुलाकडून ती अपेक्षा करू नये. त्यानं टबात बुडवून उचलण्याऐवजी ओतून कागद करावा.

ओतून म्हणजे असं. जाळीच्या चौकटीवर त्याच मापाची, पण १० सेंमी उंच भिंतीची दुसरी चौकट बसवा. सुताराकडून करून घेतली तर उत्तम, नाहीतर आयताकृती प्लॅस्टिकच्या डब्याचं बूड कापूनही चालतं. ही जोडी पाण्यानं भरलेल्या टबात अशी धरायची की जाळीच्या वर सात-आठ सेंमी पाणी राहील. एका कागदाचा मोजलेला माल एक लिटर पाण्यात ढवळून त्या पाण्यात ओतायचा, बोटांनी हलकेच फिरवायचा आणि चौकट सरळ वर उचलायची. जेवढा माल ओतला तेवढाच कागदावर बसतो. अगदी बारीक भुगा जाळीतून जातो, पण तो प्रत्येक कागदाला थोडाफार जातोच.

माल किती ओतायचा? १०० जीएसएमचा कागद हवा असेल, म्हणजे एक चौरस मीटरला १०० ग्रॅम, तर तुमच्या चौकटीला ३ ग्रॅम कोरडा माल लागतो. साध्या कागदात ३ ग्रॅम रद्दी, तंतूच्या कागदात २.४ ग्रॅम रद्दी आणि ०.६ ग्रॅम तंतू. तंतू *वरून* घालायचे नाहीत, रद्दीच्या *जागी* घालायचे. एकूण ३ ग्रॅमच राहिले पाहिजेत.

आता ओल्या लगद्यात कोरडा माल किती हे कसं कळणार, असं मुलं विचारतील. रद्दीचं सोपं आहे. ६० ग्रॅम कोरडी रद्दी मोजून भिजवा, वाटा आणि पाणी घालून बरोबर ६ लिटर करा. मग नीट ढवळून घेतलेल्या प्रत्येक ३०० मिलीत ३ ग्रॅम माल. तंतू शिजवल्यावर त्यांचं वजन घटतं, म्हणून तिथं सुरुवातीचं वजन धरून चालत नाही. शिजवून धुतलेला लगदा घट्ट पिळा, त्यातला ५० ग्रॅम बाजूला काढून कडक वाळवा आणि पुन्हा तोला. समजा १० ग्रॅम भरला, तर पिळलेल्या लगद्यात पाचवा हिस्सा कोरडा आहे, आणि ०.६ ग्रॅमसाठी ३ ग्रॅम ओला लगदा घ्यायचा.

तोलायचं काम किराणा दुकानाच्या काट्यावर करू नका. तो ग्रॅमाच्या खाली जात नाही. गावातल्या सराफाकडं ग्रॅमाच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा असतो. मुलांना घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे आणि सराफ आनंदानं करून देतात असा माझा अनुभव आहे. वाळलेला प्रत्येक कागद तिथं तोलून कोपऱ्यात पेन्सिलीनं वजन लिहा. ओतून केले तरी दोन-चार दशांशांचा फरक राहीलच, तो भागाकारात निघून जातो.

आता दुसरा प्रश्न, आणि प्रकल्पाचा खरा गाभा तोच आहे. सोपटाचा तंतू चिवट असतो यात शंका नाही. वाळलेलं सोपट फाडून फुलांचे हार बांधतात, ते हातानं तुटत नाही. पण कागद हा दोरीसारखा पिळलेला नसतो, विणलेलाही नसतो. लाखो तंतू एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले असतात आणि जिथं एकमेकांना टेकतात तिथं चिकटतात. चिकटवणारा डिंक बाहेरून घातलेला नसतो. तंतू सेल्युलोजचा असतो, सेल्युलोजच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, आणि ओले तंतू वाळताना एकमेकांच्या इतके जवळ ओढले जातात की त्या जोड्यांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. कागदाची ताकद म्हणजे बरीचशी या बंधांची ताकद. तंतू कितीही चिवट असला तरी त्यानं शेजाऱ्याला धरलंच नसेल, तर ओढल्यावर तो न तुटता सरकन निघून येणार.

हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. सोपटाच्या तुटलेल्या पट्टीची कड उजेडाकडं धरा आणि भिंगातून बघा. कडेवर सोनेरी केसांसारखे लांब तंतू अख्खेच्या अख्खे लोंबताना दिसतील, टोकं शाबूत. म्हणजे तंतू तुटला नाही, त्याची पकड सुटली. रद्दीच्या पट्टीची कड बघितली तर आखूड, दाट लव दिसते. हे दोन्ही तुकडे काळ्या कागदावर चिकटवून ठेवा. परीक्षक आले की आधी तेच दाखवा, तुमच्या सगळ्या आकड्यांचं कारण त्यात आहे.

पकड सुटण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे तुम्ही ज्याला सोपटाचा तंतू म्हणता तो एक तंतू नाही, तंतूंची मोळी आहे. ती मोळी लिग्निन आणि इतर गोंदासारख्या द्रव्यांनी बांधलेली असते. खरा एकेक तंतू काही मिलिमीटरचाच. मोळी जाड आणि ताठ, ती शेजारच्या तंतूला काठीसारखी एका ठिकाणी टेकते. मोळी सुटली, तंतू मोकळे झाले की ते ओल्या सुतासारखे एकमेकांवर लोळतात आणि लांबच्या लांब चिकटतात. दुसरं म्हणजे मिक्सर तंतू कापतो, कुटत नाही. कुटल्यानं तंतूचा पृष्ठभाग फुलतो, त्यावर बारीक लव उठते, तो पाणी पिऊन मऊ होतो, आणि त्या लवेमुळं चिकटायला जागा वाढते. कापल्यानं नुसती लांबी जाते. शिवाय सोपट मिक्सरच्या पात्याला गुंडाळलं जातं आणि मोटर जळायचा वास येतो. तुमच्याकडं तसं झालं नसेल तर नशीब.

शेजारच्या दांडेलीची मोठी कागद गिरणी १९५५ साली स्थापन झाली ती तिथल्या बांबूच्या जोरावर. पण बांबू नुसता बारीक करून कागद होत नाही. गिरणीत तो कॉस्टिकसारख्या रसायनांत, बंद टाकीत, दाबाखाली शिजवतात, तेव्हा कुठं लिग्निन निघतं. शाळेत कॉस्टिकला हात लावायचा नाही, ते कातडी आणि डोळे जाळतं. सोपट त्या मानानं मवाळ आहे, धुण्याच्या सोड्यावर काम भागतं.

रोपावरच वाळलेलं सोपट घ्या. ताज्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं, त्याचा हिशेब बसत नाही. ५० ग्रॅम वाळलेलं सोपट एक सेंमीचे तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर दोन ते तीन तास शिजवा. पाणी आटलं तर गरम पाणी घाला. खायचा सोडा नाही, आणि अॅल्युमिनियमचं पातेलंही नाही, त्यावर सोडा चढतो. पातेल्याजवळ मोठ्या माणसानं उभं राहावं, उसळी आलेलं पाणी चटका देतं. शिजलं का हे बघायला एक तुकडा गार पाण्यात टाकून चिमटीत घ्या आणि आडवा ओढा. विरोध न करता सुटला तर झालं, रबरासारखा ताणला तर अजून तासभर.

मग फडक्यात घालून नळाखाली धुवा. सोडा गेला की नाही हे मुलांना हळदीनं बघू दे. फिल्टर पेपरवर हळदीचं पाणी लावून वाळवा, त्यावर धुतलेल्या लगद्याच्या पाण्याचा थेंब टाका. तांबडा डाग पडला तर सोडा शिल्लक आहे, पिवळाच राहिला तर धुणं पुरे.

आता कुटणं. पाटा किंवा गुळगुळीत दगड, त्यावर ओला लगदा आणि कपडे धुवायची लाकडी मोगरी. मूठभर लगदा वीस मिनिटं कुटायचा, मधूनमधून पाणी शिंपडत, उलटत. हे कंटाळवाणं आहे, मुलांना पाळी लावून द्या. एका काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात चमचाभर लगदा टाका, झाकण लावून हलवा आणि खिडकीकडं धरा. धुक्यासारखा सगळीकडं सारखा पसरला तर तयार आहे. दोरे किंवा गाठी वेगळ्या फिरताना दिसल्या तर पुन्हा दगडावर. निपाणीत काम सुरू केलं त्या वर्षी मी या बरणीकडं दुर्लक्ष केलं होतं. तंतू दिसले की कागद सुंदर दिसतो, म्हणून पाकिटांच्या मालात सोपट कच्चंच मिसळलं. पाकिटं दिसायला छान झाली, पण घडीवर जिथं जिथं मोळी आली होती तिथं ती कागदातून उचकटून बाहेर आली आणि सगळा माल परत आला.

चिपाडाचं दुखणं वेगळं आहे. गुऱ्हाळावरून आणलेल्या चिपाडात बाहेरची साल तंतूची असते आणि आतला गर स्पंजसारखा, पेशींचा. त्या भुश्यात लांब तंतू नसतातच. तो पाणी भरपूर धरतो, पण शेजाऱ्याला धरत नाही, आणि कागदात जागा मात्र अडवतो. तुमचे २५० मीटर बहुधा त्या भुश्यामुळं आणि न शिजवल्यामुळं आले. वाळलेलं चिपाड हातांनी चोळा, गव्हाच्या चाळणीनं चाळा, खाली पडलेला भुसा टाकून द्या आणि वरचा फोक तेवढा सोपटासारखाच शिजवा, फक्त जास्त वेळ. तरी तो सोपटाइतका मऊ होणार नाही. वेळ कमी असेल तर मी चिपाड सोडून द्या म्हणेन. सोपट आणि गोणपाट हे दोनच तंतू घेऊन, प्रत्येकाचा एक कच्चा आणि एक शिजवून कुटलेला कागद केलात, तर प्रकल्पात खरा प्रश्न उभा राहतो. कुठला तंतू चांगला यापेक्षा त्याच तंतूला काय केलं की काय होतं हे जास्त शिकवून जातं.

ताकद वाढावी म्हणून लगद्यात फेव्हिकॉल, मैद्याची खळ किंवा भाताची पेज घालायचा मोह होईल. पेजेतलं स्टार्च खरोखरच तंतूंना जोडतं आणि कागद मजबूत होतो, पण मग तुम्ही तंतूची नाही, पेजेची परीक्षा घेतलेली असेल.

ताकद मोजतानाची तुमची बाटलीची पद्धत चांगली आहे, तीच ठेवा. फक्त पट्ट्या कात्रीनं न कापता पट्टीच्या कडेनं नव्या ब्लेडनं कापा. कात्रीनं कडेला बारीक दाते राहतात आणि तुटणं तिथूनच सुरू होतं. पट्टी धरायला कपड्यांचा चिमटा नको, लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्यांत धरून स्क्रू किंवा सुतळीनं आवळा. चिमट्याच्या तोंडाशीच तुटलेली पट्टी मोजायची नाही, तिला चिमट्यानं तोडलेलं असतं. पाणी बारीक आणि सारख्या धारेनं ओता. प्रत्येक प्रकारच्या दहा पट्ट्या तोडा आणि सरासरीबरोबर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही लिहा. दोन प्रकारांचे हे पल्ले एकमेकांत बरेच शिरत असतील, तर त्यांत फरक आहे असं म्हणू नका. परीक्षकानं विचारलं तर तसंच सांगायचं.

आणि सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी, एकाच खोलीत तोडा. खानापूरच्या पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सैल पडतो. सोमवारी कोरड्या हवेत साधा कागद आणि गुरुवारी मुसळधार पावसात सोपटाचा, असं झालं तर तुम्ही पाऊस मोजलात.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रयोगात राहून गेली आहे, आणि तिथं सोपट जिंकण्याची शक्यता आहे. सरळ ओढून तोडणं ही एक ताकद झाली. फाटणं ही दुसरी. कागदाला चीर पडली की ती पुढं जायला किती जोर लागतो? फाटताना चिरेच्या तोंडाशी असलेला लांब तंतू ओढून बाहेर काढावा लागतो, आणि त्या ओढण्यातच जोर खर्च होतो. म्हणून लांब तंतू, अर्धवट धरलेला असला तरी, फाटणं अडवतो. ५ सेंमी रुंद आणि १० सेंमी लांब तुकडा घ्या, मधोमध ५ सेंमीची उभी चीर द्या, म्हणजे पँटसारखे दोन पाय होतील. एक पाय वर टांगा, दुसऱ्याला हलका प्लॅस्टिकचा पेला लावा आणि त्यात थोडी थोडी वाळू घाला, चीर पुढं सरकेपर्यंत. बाटलीपेक्षा फार कमी वजन लागेल. कच्च्या सोपटाचा कागद सरळ ओढण्यात मागं आणि फाटण्यात पुढं, असं तुमच्याच वर्गात दिसलं तर चकित होऊ नका. उलट सोपट फार कुटलं तर ओढण्यात तो वाढतो, पण तंतू आखूड होऊन फाटण्यात घसरतो. तंतू घातल्यावर ताकद वाढते का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच 'कुठली ताकद?' असं विचारल्याशिवाय देता येत नाही.

आता पाणी शोषण्याकडं. त्याच कागदावर कधी अडीच, कधी सहा सेंमी, याचं मुख्य कारण मला तुमच्या रद्दीत दिसतं. वहीच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून कारखान्यात पाणी अडवणारं द्रव्य लावलेलं असतं, त्याला सायझिंग म्हणतात. वर्तमानपत्राच्या कागदाला ते जवळपास नसतं. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बघा. वहीवर मणी होऊन बसेल, वर्तमानपत्रात लवकर जिरेल. लगदा केला तरी ते द्रव्य सगळं धुऊन जात नाही. मिसळलेल्या रद्दीत एका कागदात वही जास्त आली, दुसऱ्यात वर्तमानपत्र, की आकडे उड्या मारणारच. म्हणून सगळ्या प्रकल्पाला एकच रद्दी घ्या. मी वापरलेल्या उत्तरपत्रिका घेईन, पण आधी थेंब टाकून ज्यांवर थेंब सारख्याच वेळात जिरतो तेवढ्याच. वर्तमानपत्राचे तंतू लाकूड नुसतं दळून काढलेले, लिग्निनसकट असतात, त्यांची पकड मुळातच कमी असते.

दुसरं कारण दाब. ओल्या कागदावर जेवढा दाब जास्त, तेवढे तंतू जवळ, तेवढे बंध जास्त, आणि मधल्या पोकळ्या तेवढ्या कमी. पाणी चढतं ते या पोकळ्यांतून, वातीतून तेल चढतं तसं. म्हणजे ताकद वाढवणारा दाबच शोषण कमी करतो, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या उलट गेले तर तो तुमचा दोष नाही. मात्र दाब सगळ्यांना सारखा हवा. कागद जुन्या चादरीच्या तुकड्यांत घालून दोन फळ्यांमध्ये ठेवा, वर दोन मुलं पाच मिनिटं उभी राहू देत. प्रत्येक वेळी तीच दोन मुलं. मग काचेवर चिकटवून सावलीत वाळवा. काहींना इस्त्री आणि काहींना ऊन, असं नको.

मोजायच्या गोष्टीही दोन आहेत आणि त्या वेगळ्या लिहायच्या. पाणी किती वेगानं चढतं ही एक. २ सेंमी रुंद पट्टी उभी टांगून तिचं टोक एक सेंमी पाण्यात बुडवा आणि दहा मिनिटांनी पाणी किती उंचीवर आलं ते बघा. पाणी नीट दिसावं म्हणून शाई घालू नका. शाईतला रंग कागदाला धरून मागं राहतो आणि पाणी पुढं जातं. क्रोमॅटोग्राफीत मुलं बघतात ते हेच. साधं पाणी, पट्टीवर दर अर्ध्या सेंमीला पेन्सिलीची रेघ, मागून उजेड. दुसरी गोष्ट, एकूण किती पाणी धरतो. १० × १० सेंमीचा तुकडा तोला, एक मिनिट बुडवा, एका कोपऱ्यानं अर्धा मिनिट टांगून निथळा, पुन्हा तोला. समजा कोरडा १.० ग्रॅमचा ओला ३.१ ग्रॅम झाला, तर एका ग्रॅमाला २.१ ग्रॅम पाणी. इथंही वजनानं भागायचं, नाहीतर जाड कागद पुन्हा उगाच जिंकेल.

गोणपाटाच्या बाबतीत एक सावधगिरी. ताग कातण्याआधी मऊ व्हावा म्हणून त्याला तेल लावतात आणि पोत्यात ते शिल्लक असतं. कच्चे दोरे घातलेल्या कागदावर पाणी मध्येच अडल्यासारखं दिसलं तर कारण ते असू शकतं. सोड्यात शिजवल्यावर बरंच तेल निघतं, म्हणून कच्च्या आणि शिजवलेल्या गोणपाटाचा फरक पाण्याच्या प्रयोगात जास्त उठून दिसावा.

भिजवून झालेला तोच तुकडा ओला असतानाच हलकेच ओढून बघायला सांगा. चिमटीत सुटून येईल. तंतूंमध्ये पाणी शिरलं आणि त्यांनी एकमेकांना सोडून पाण्याला धरलं. तुमची रद्दी भिजल्यावर लगदा होते तीही याच कारणानं.

पाच प्रकारांचे चार-चार कागद म्हणजे वीस, एवढ्याला आठवडाभर पुरे. उरलेला शिजवलेला लगदा पाण्यात दोन दिवसांवर ठेवू नका, आंबून वास येतो. पिळून पातळ थापा करा आणि वाळवून ठेवा. पुढच्या वेळी रात्रभर भिजवून पुन्हा दहा मिनिटं कुटावा लागेल, कारण एकदा वाळलेला तंतू पहिल्याइतका फुगत नाही. पहिल्या लगद्याचा आणि या वाळवलेल्या लगद्याचा कागद शेजारी शेजारी तोडून बघितलात, तर तुमची रद्दी ताज्या तंतूपेक्षा मुळात कमकुवत का असते हेही मुलांच्या हाती लागेल.